पिटोट ट्यूबने डक्टमधला वेग मोजताना : बिंदू कुठे घ्यायचे आणि सरासरी कशी काढायची

प्रश्न : ६०० बाय ४०० मिमीच्या डक्टमध्ये पिटोट ट्यूबने नऊ ठिकाणी प्रेशर घेतलं, त्याची सरासरी काढली आणि त्यावरून वेग काढला. हवा सगळ्या ग्रिलांच्या बेरजेपेक्षा १२ टक्के जास्त दिसतेय. डक्ट गळतेय की माझं मोजणं चुकतंय? बिंदू किती आणि कुठे घ्यायचे, सरासरी कशी काढायची?

उत्तर :

बहुतेक मोजणंच चुकतंय, आणि तेही दोन ठिकाणी. तुमची रीडिंग मी पाहिलेली नाहीत, म्हणून माझ्या वहीतलं एक काम उलगडून दाखवतो. डक्ट याच मापाची होती, आमच्या नव्या मुलाने नऊच बिंदू घेतले होते आणि त्यालाही गळतीच दिसली होती. ग्रिलांवर हूड लावून केलेली बेरीज तासाला ५३५० घनमीटर होती, त्याचा ट्रॅव्हर्स, म्हणजे डक्टच्या छेदात बिंदूबिंदूवर घेतलेलं मोजमाप, सांगत होता ६०९०. म्हणजे १२ टक्के हवा वाटेत गायब. सीलंट मागवायची तयारी झाली होती.

आधी सरासरीबद्दल बोलू, कारण ती चूक कागदावरच दुरुस्त होते, पुन्हा शिडीवर चढावं लागत नाही.

पिटोट ट्यूब वेग मोजत नाही, टोटल प्रेशर आणि स्टॅटिक प्रेशर यांतला फरक मोजते. हा फरक म्हणजे व्हेलॉसिटी प्रेशर, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वेग काढताना वर्गमूळ घ्यावं लागतं. २० अंश सेल्सिअसची, समुद्रसपाटीच्या आसपासची हवा धरली, म्हणजे घनता १.२ किलो प्रति घनमीटर, तर सूत्र असं होतं (Pv पास्कलमध्ये, V मीटर प्रति सेकंदात) :

```
V = √(2 × Pv / ρ)
V = 1.291 × √Pv      (ρ = 1.2)
```

समजा डक्टच्या अर्ध्या भागात ४ पास्कल आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात ३६. वर्गमुळं २ आणि ६, त्यांची सरासरी ४. आता आधी प्रेशरची सरासरी काढा : २० पास्कल. त्याचं वर्गमूळ ४.४७. खरा आकडा ४ असताना उत्तर जवळपास १२ टक्के जास्त आलं. ही चूक कधीच उलट्या बाजूला जात नाही, उत्तर नेहमी जास्तच येतं, आणि डक्टमधला वेग जितका असमान तितकं ते फुगतं. सगळीकडे वेग सारखा असेल तर दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं. म्हणूनच ही चूक करणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही : चांगल्या सरळ डक्टमध्ये ती दिसतच नाही आणि एल्बोच्या पुढे अचानक उगवते.

तेव्हा प्रत्येक रीडिंगचं वर्गमूळ आधी, सरासरी नंतर. प्रत्येक बिंदूचा वेग काढून त्यांची सरासरी घेतली तरी तेच. डिजिटल मॅनोमीटर स्वतः सरासरी काढत असेल तर तो प्रेशरची काढतो की वेगाची, हे एकदा हाताने तपासून घ्या. दोन बिंदू पुरतात : एक संथ जागेचा, एक वेगवान जागेचा.

आता बिंदू. त्या मुलाने ६०० च्या बाजूला तीन भोकं पाडली होती, १५०, ३०० आणि ४५० मिमीवर, आणि प्रत्येक भोकातून १००, २०० आणि ३०० मिमी खोलीवर रीडिंग घेतली. अंतरं दिसायला सारखी आहेत. पण पहिलं भोक भिंतीपासून १५० मिमीवर आणि शेवटचंही तितकंच लांब, म्हणजे रुंदीचा दोन्ही टोकांचा मिळून अर्धा भाग त्याने पाहिलाच नाही. आणि हवा हळू असते ती नेमकी भिंतीजवळ. साधी सरासरी घेता येते ती प्रत्येक बिंदू सारख्याच क्षेत्रफळाचा प्रतिनिधी असेल तेव्हाच. इथे मधल्या बिंदूंना गरजेपेक्षा जास्त मतं मिळाली आणि कडेच्या हवेला एकही नाही.

चौकोनी डक्टसाठी मी लॉग-चेबिशेव्ह पद्धत वापरतो. तिच्यातले बिंदू असे निवडलेले असतात की भिंतीजवळ वेग कसा घसरतो ते आधीच हिशेबात धरलेलं असतं, आणि शेवटी साधी सरासरी घेतली की काम होतं. बाजू ७५० मिमीपेक्षा लहान असेल तर त्या बाजूला ५ बिंदू, ७५० ते ९०० असेल तर ६, त्याहून मोठी असेल तर ७. पाच बिंदूंची जागा बाजूच्या लांबीच्या या पटीत :

```
0.074   0.288   0.500   0.712   0.926
```

६०० च्या बाजूला हे होतात ४४, १७३, ३००, ४२७ आणि ५५६ मिमी. ४०० च्या बाजूला ३०, ११५, २००, २८५ आणि ३७०. एकूण २५ बिंदू. कडेचा बिंदू भिंतीच्या किती जवळ गेला ते पाहा : १५० वरून थेट ४४ वर. सारख्या क्षेत्रफळाचे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर रीडिंग घेण्याची जुनी पद्धतही चालते. तिच्यात दोन बिंदूंमधलं अंतर १५० मिमीच्या वर जाऊ देऊ नका, आणि उत्तर किंचित जास्त येण्याकडे कल असतो हे लक्षात ठेवा. मात्र दोन पद्धतींचे बिंदू एकमेकांत मिसळायचे नाहीत.

भोकं मी रुंद बाजूला पाडतो, म्हणजे ट्यूब आत कमी खुपसावी लागते आणि ती कमी लवते. साधारण ८ मिमीच्या ट्यूबला १० मिमीचं भोक पुरतं. खोलीच्या खुणा चिकटपट्टीने ट्यूबवर आधीच करून घ्या, आणि इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे खूण ट्यूबच्या नाकाच्या मध्यरेषेपासून मोजायची, वाकलेल्या कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून नाही. दुसरी म्हणजे खोली डक्टच्या आतल्या भिंतीपासून मोजायची. बाहेरून २५ मिमीचं इन्सुलेशन असेल आणि ट्यूबची खूण इन्सुलेशनच्या पृष्ठभागाशी जुळवणार असाल, तर प्रत्येक खुणेत २५ मिमी मिळवा. नाहीतर ३० मिमीवरचा बिंदू प्रत्यक्षात ५ मिमीवर पडेल आणि ट्यूबचं नाक पत्र्याला घासत राहील.

नाक हवेच्या तोंडाला सरळ ठेवायचं. ते आत गेल्यावर दिसत नाही, पण बाहेर राहिलेल्या टोकाजवळ स्टॅटिकची जी आखूड नळी बाजूला निघते ती नाकाला समांतर असते. तीच डक्टच्या कडेशी समांतर धरली की झालं. दहा अंशांपर्यंत हात हलला तरी रीडिंगवर जाणवण्याजोगा फरक पडत नाही, त्यामुळे कोनमापक घेऊन बसायची गरज नाही.

आम्ही २५ बिंदू घेतले ते असे आले. आकडे पास्कलमध्ये आहेत. भोक १ ही एल्बोच्या बाहेरच्या वळणाची बाजू, भोक ५ आतल्या वळणाची.

| खोली (मिमी) | भोक १ | भोक २ | भोक ३ | भोक ४ | भोक ५ |
|---|---|---|---|---|---|
| ३० | ४० | ३६ | २६ | १४ | ५ |
| ११५ | ४६ | ४२ | ३१ | १७ | ७ |
| २०० | ४८ | ४४ | ३३ | १९ | ८ |
| २८५ | ४५ | ४१ | ३० | १६ | ६ |
| ३७० | ३८ | ३४ | २५ | १३ | ४ |

गणित करण्याआधी तक्त्याकडे नुसतं पाहत बसा. वरून खाली जाताना आकडे थोडेच हलतात, डावीकडून उजवीकडे मात्र कोसळतात. एल्बोने हवा बाहेरच्या बाजूला फेकली आहे आणि ती अजून सावरलेली नाही. पहिल्या भोकात सरासरी वेग ८.५ मीटर प्रति सेकंद, पाचव्यात ३.१. नऊ बिंदूंच्या ट्रॅव्हर्सला हे शेवटचं भोक कधी भेटलंच नव्हतं.

आता २५ वर्गमुळांची बेरीज १२३.१३, सरासरी ४.९२५. त्याला १.२९१ ने गुणलं की ६.३६ मीटर प्रति सेकंद. क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर, म्हणून हवा १.५२६ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला साधारण ५४९०. हूडची बेरीज ५३५० होती. फरक उरला अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि साइटवरच्या ट्रॅव्हर्सकडून किंवा हूडकडून याहून जास्त अचूकपणाची अपेक्षा मी करत नाही.

मुलाच्या हिशेबात कुठे किती गेलं तेही वेगळं करून पाहिलं. त्याची प्रेशरची सरासरी होती २९.८ पास्कल, त्यावरून ६०९०. त्याच नऊ आकड्यांची वर्गमुळं घेऊन सरासरी काढली तर ५९६०. म्हणजे सरासरीच्या चुकीचा वाटा जेमतेम दोन टक्के. उरलेलं सगळं, ५९६० पासून ५४९० पर्यंत, चुकीच्या बिंदूंचं पाप होतं. पण सरासरीची चूक छोटी म्हणून सोडून देऊ नका. याच २५ बिंदूंवर आधी प्रेशरची सरासरी काढली असती तर २६.७ पास्कल आणि जवळपास ५७७० घनमीटर आले असते, म्हणजे पाच टक्के जास्त. बिंदू कडेपर्यंत नेले तशी हवेची असमानता पूर्ण पकडली गेली, आणि असमानता वाढली की ही चूकही वाढते. नऊ बिंदूंमध्ये ती लहान दिसली ती फक्त संथ हवा मोजलीच नव्हती म्हणून.

काही जण मध्यावर एकच रीडिंग घेऊन ०.९ ने गुणतात. इथे मध्यावर ३३ पास्कल होते, म्हणजे ७.४२ मीटर प्रति सेकंद, ०.९ ने गुणलं तर ६.६७. खऱ्या आकड्यापेक्षा पाच टक्केच जास्त, म्हणून कुणाला ही युक्ती पटेलही. पण एल्बो आडवा वळलेला नसून वरून खाली आलेला असता, किंवा भोकं मीटरभर पुढे असती, तर तोच गुणक कुठेही घेऊन गेला असता. लांबलचक सरळ डक्टमध्ये झटपट अंदाजाला ठीक, बाकी नाही.

ट्रॅव्हर्सची जागा हा खरं तर पहिला निर्णय. मागच्या एल्बो, डॅम्पर किंवा फाट्यापासून डक्टच्या समतुल्य व्यासाच्या साडेसात पट अंतर आणि पुढच्या अडथळ्याच्या आधी तीन पट अंतर मिळालं तर उत्तम. चौकोनी डक्टचा समतुल्य व्यास म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल डक्टचा व्यास. ६०० बाय ४०० साठी तो ०.५५ मीटर, म्हणजे मागे चार मीटरहून थोडं जास्त आणि पुढे पावणेदोन मीटर सरळ डक्ट लागते. छतावरच्या गर्दीत ती मिळते कुणाला? आम्हाला भोकांच्या मागे-पुढे मिळून तीन मीटरही नव्हतं. अशा वेळी भोकं पाडून आकड्यांनाच विचारायचं. कसोटी अशी की किमान तीन चतुर्थांश रीडिंग सर्वांत मोठ्या रीडिंगच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त असावीत. वरच्या तक्त्यात सर्वांत मोठं ४८, त्याचा दहावा हिस्सा ४.८, आणि त्याखाली फक्त एक बिंदू आहे. हवा वाकडी आहे, पण जागा टाकून देण्याइतकी नाही.

पाव भागाहून जास्त बिंदू शून्याच्या आसपास असतील किंवा बरेच आकडे उणे येत असतील तर मात्र जागा बदला. उणे रीडिंग म्हणजे तिथे हवा उलटी फिरतेय किंवा भोवरा आहे, आणि पिटोट ट्यूबला उलट्या हवेचा वेग मोजता येत नाही. एखाददुसरा उणे आकडा आला तर तो शून्य धरतात, पण बिंदू गाळायचा नाही. भागायचं पूर्ण २५ नेच. गाळलात तर तेवढ्या क्षेत्रफळातूनही सरासरी वेगाने हवा जातेय असं तुम्ही मान्य केलंत. पंख्याच्या लगेच पुढे हवा पिळवटत येते, तिथे तारेच्या टोकाला दोरा बांधून आत सोडला तर तो कुठल्या दिशेला उडतोय हे भोकातून किंवा जवळच्या तपासणी झडपेतून दिसतं. दोरा तिरका असेल तर पिटोटचा आकडा कितीही स्थिर असो, विश्वास ठेवू नका.

तक्त्यातल्या पाचव्या भोकाबद्दल एक कबुली द्यायला हवी. तिथला ४ पास्कलचा आकडा वेगात २.६ मीटर प्रति सेकंद होतो. मॅनोमीटर एका पास्कलने चुकला तर तोच वेग २.२ किंवा २.९ होईल. ४८ पास्कलच्या बिंदूवर तीच एका पास्कलची चूक दिसणारही नाही. इथे असे बिंदू मोजकेच आहेत आणि त्यांच्यातून थोडीच हवा जाते, म्हणून एकूण उत्तर फारसं हललं नाही. पण अख्ख्या डक्टमध्ये वेग ३ मीटरच्या खाली असेल, म्हणजे सगळीकडे पाचेक पास्कलच, तर पिटोट बाजूला ठेवा आणि हॉट वायर अ‍ॅनिमोमीटर घ्या.

तशा कमी आकड्यांत रबरी नळ्याही दगा देतात. काम सुरू करण्याआधी दोन्ही नळ्या मोकळ्या सोडून मॅनोमीटर शून्य करा. मग टोटलच्या नळीत अगदी हलकी फुंकर घालून तोंड बोटाने दाबून धरा. आकडा जागेवर थांबला पाहिजे. हळूहळू उतरत असेल तर जोड गळतोय. स्टॅटिकच्या नळीचंही तसंच, तिथे आकडा उणे दिसेल एवढंच.

घनता विसरू नका. डक्टमध्ये ५० अंशांची हवा असेल तर घनता १.०९ च्या आसपास येते आणि १.२९१ च्या जागी १.३५ वापरावं लागतं, वेग जवळपास पाच टक्के वाढतो. समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवरही साधारण तेवढाच फरक पडतो. मॅनोमीटर थेट मीटर प्रति सेकंद दाखवत असेल तर त्याच्या पोटात कुठलं तापमान आणि हवेचा दाब भरलाय ते सेटिंगमध्ये जाऊन पाहा.

आणि क्षेत्रफळ आतलं घ्या. आतून २५ मिमीचं ध्वनिरोधक अस्तर असेल तर ६०० बाय ४०० ची डक्ट आतून ५५० बाय ३५० असते. ड्रॉइंगवरचं माप धरलं तर हवा २५ टक्के जास्त दिसेल. वेग कितीही काळजीपूर्वक मोजा, ही एकच चूक सगळं धुऊन टाकते. ट्यूब समोरच्या भिंतीला टेकवून मोजलेली खोली ड्रॉइंगशी जुळते का, ते पहिल्याच भोकात बघून घ्या.

गोल डक्ट असेल तर एकमेकांना काटकोनात दोन व्यासांवर मोजायचं. प्रत्येक व्यासावर सहा बिंदू घेतले तर लॉग-लिनिअर पद्धतीने त्यांची जागा व्यासाच्या ०.०३२, ०.१३५, ०.३२१, ०.६७९, ०.८६५ आणि ०.९६८ पट. सरासरीचा नियम तोच. बरोबर मध्यावर बिंदू नाही हे पाहून गोंधळू नका, तो मुद्दामच नाही.

ट्रॅव्हर्स चालू असताना पंख्याचा वेग बांधून ठेवायला सांगा. इन्व्हर्टर ऑटोवर असेल किंवा डॅम्पर स्वतः हलत असतील तर पहिलं भोक एका प्रवाहाचं आणि पाचवं दुसऱ्याच प्रवाहाचं होतं. २५ बिंदू झाले की मी परत पहिल्या भोकात मधल्या खोलीवर जातो. आमच्याकडे सुरुवातीला ४८ होते, शेवटी ४७. तिथे ४० आले असते तर सगळा तक्ता फाडून पुन्हा सुरुवात केली असती. आकडा प्रत्येक बिंदूवर थोडा नाचतोच, दहा सेकंद पाहून मधला लिहायचा. सर्वांत मोठा लिहायची सवय असेल तर ती मोडा.

तुमच्या डक्टवर हे करून पाहा. ग्रिलांशी फरक पाच टक्क्यांच्या आत आला तर गळतीवर बोट ठेवण्याइतकी ताकद या मोजण्यात नाही. तिथे तोंडं बंद करून, डक्टमध्ये ठरावीक प्रेशर धरून गळती चाचणीच करावी लागेल. दहा टक्क्यांच्या वरच राहिला तर आधी हूड तपासा, मग डक्ट. आणि पाचही भोकांना रबरी बुचं बसवूनच शिडी काढा.